उलट्या थांबल्या तेव्हा

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्रीची टेबलं ओळीनं मांडलेली होती, आणि खिडकीजवळचं शेवटचं टेबल बारकीचं. अंगानं काडी म्हणून नाव बारकी, पण हात असा चालायचा की शेजारणीची चादर अर्धी होईतो हिची घडी घालून बाजूला पडलेली असायची. यंदा दिवस गेल्यापासून मात्र ओल्या कापडावर गरम इस्त्री टेकून खळीचा वास वर आला की तिच्या पोटात ढवळायचं आणि ती हातातलं तसंच टाकून मोरीकडे पळायची. तोंड धुऊन परत येताना तिच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगा, समाधान असायचं.

कारण मागच्या वेळचं होतं. तेव्हाही अशाच उलट्या लागल्या होत्या. मग एके सकाळी ती उठली तर मळमळ गायब. दोनदा मागून घेऊन जेवली, सासूला म्हणाली, "सुटले बाई एकदाची!" आणि त्याच आठवड्यात सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला. पोटातला ठोका थांबला होता. आपल्याच तोंडचा तो 'सुटले' शब्द तिला पुढे वर्षभर खात राहिला.

म्हणून या वेळी तिनं मनाशी पक्कं धरलं होतं, उलटी होतेय तोवर बाळ आहे. जितकी जास्त, तितकं बाळ घट्ट.

दवाखान्यातल्या सिस्टरनं पहिल्याच भेटीत नीट समजावलं होतं. "निम्म्याहून जास्त बायकांना होतं हे. वाढत वाढत जातं, तिसऱ्या महिन्यानंतर बहुतेकींचं ओसरतं. सकाळी डोळे उघडले की लगेच उठायचं नाही, उशाशी कोरडं बिस्कीट किंवा टोस्ट ठेवायचा, तो चावायचा, मग उठायचं. पोट रिकामं ठेवू नकोस, आणि एकदम भरूही नकोस. थोडं थोडं, दर दीड-दोन तासांनी. तेलकट, मसालेदार नको. गरम अन्नाचा वास सोसत नसेल तर गार खा. भात, बटाटा, केळं, दही, जे टिकेल ते. पाणी जेवणाबरोबर ढोसायचं नाही, मधेमधे घोट घोट. आल्याचा तुकडा चघळून बघ."

"आणि इतकं करूनही नाही थांबलं तर?" नवऱ्यानं विचारलं. तो बसडेपोत मेकॅनिक. डिझेलच्या वासानं बायकोला मळमळायला नको म्हणून अंगणातच अंघोळ करून मग घरात शिरायचा.

"गोळ्या आहेत, या दिवसांत चालणाऱ्या. पण दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी गडद किंवा होईनाशीच झाली, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, वजन उतरायला लागलं, तर घरी थांबायचं नाही. उलटीत रक्त दिसलं, ताप आला, पोटात दुखलं, तरी यायचं. तेवढ्यासाठी तारखेची वाट बघू नका."

नवऱ्यानं ते पाठ केलं. बारकीनं ऐकलं आणि सोडून दिलं.

पुढे बिस्कीट टिकेना, मग भात टिकेना, शेवटी पाणीही. सासू बिचारी तोंडापुढे वाटी धरून बसायची. "आम्हालाही झालं गं, पण असं नाही. तू डॉक्टरांना सांगतेस ना सगळं?"

"सांगते हो."

सांगत काही नव्हती. पुढच्या तपासणीला जाताना तिनं झग्याखाली नवऱ्याची जाड पँट चढवली आणि वर स्वेटर घातला. गर्दी होती, सिस्टर घाईत होती, काट्यानं ठीक आकडा दाखवला. "गोळ्या देऊ का?" विचारलं तर ही म्हणाली, "नको, होतंय सहन." गोळीनं उलटी थांबली, तर बाळ आहे की नाही हे कळणार कसं? हा प्रश्न तिनं कुणापुढे काढलाच नाही. काढला असता तर उत्तर मिळालं असतं, आणि तिला उत्तराचीच भीती वाटत होती.

एका दुपारी टेबलाशी उभी असताना तिच्या लक्षात आलं, आज सकाळपासून लघवीला जावंसंच वाटलेलं नाही. जीभ टाळ्याला चिकटली होती. ती चादर उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. शेजारणीनं हाताला धरलं तर चिमटीत आलेली कातडी तशीच उभी राहिली. "अगं, तुझ्यात पाणी आहे का नाही?" ती ओरडलीच. डेपोत फोन गेला, नवरा ग्रीसचे हात घेऊनच आला.

दवाखान्यात तीच सिस्टर होती. या वेळी झगा, स्वेटर, पँट सगळं उतरवून वजन झालं. आकडा बघून तिनं कपाळाला हात लावला. "मला फसवलंस होय गं?" तिचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून बारकीला जास्त लागलं.

मोठ्या कष्टानं दिलेली थोडीशी लघवी चहाच्या रंगाची होती. तपासणीची पट्टी बुडवली तर गडद जांभळी झाली. "खायला नाही म्हणून शरीर स्वतःची चरबी जाळतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही साधी मळमळ राहिलेली नाही." रक्त पाठवलं, सलाइन लावलं, क्षार कमी आले तसं त्यात पोटॅशियम घातलं. शिकाऊ नर्सनं ग्लुकोजची बाटली आणली तेव्हा बाईंनी थांबवलं. "आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. इतके दिवस उपाशी आहे ती, ते न देता साखर दिली तर मेंदूला इजा होते." मग उलटी थांबवणारं औषध शिरेतून गेलं.

आणि उलटी थांबली.

संध्याकाळी बारकीला जाग आली. पोट शांत. ढवळ नाही, आंबट पाणी नाही. ती ताडकन उठून बसली, हाताची सुई ओढायला लागली. "गेलं! हेही गेलं! मी सांगत होते, मला औषध नको!"

नवऱ्यानं तिला धरलं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. तेव्हा कुठे मागचं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं, तुकड्या तुकड्यांत.

"अगं, औषधानं उलटी थांबलीय," बाई म्हणाल्या. "उलट्या होणाऱ्या बायकांचंही मूल जातं, आणि एकदाही न होणारीचं छान वाढतं. उलटीवरून बाळाचं काही ठरत नाही."

मशीन खाटेशी आणलं. पडद्यावर एक ठिपका फडफडत होता. "हा ठोका. एकच बाळ आहे, जागेवर आहे."

"उद्याही असेल?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "आज आहे. उद्याचं मला सांगता येणार नाही. तुझ्यात पाणी राहिलं तर तू बरी राहशील, एवढं सांगते."

गोळ्या घेऊन ती घरी आली. काही दिवस टिकलं, मग पुन्हा सगळं उलटून पडलं आणि पुन्हा सलाइन. या खेपेला तिनं काहीच लपवलं नाही. लपवायलाही जीव लागतो. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या ती नवऱ्याला म्हणाली, "मला हे नकोच झालंय रे. संपावं असं वाटतं."

"उलट्या?"

"सगळंच."

 त्यानं तिची पावलं हातात घेतली आणि दाबत बसला. थोड्या वेळानं जाऊन त्यानं सिस्टरला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. सिस्टर खुर्ची ओढून बसली. "असं वाटणारी तू पहिली नाहीस. या आजारात येतात असे विचार. पाप नाही ते. पण मनात दाबून ठेवू नकोस, मला सांगत जा." दुसऱ्या दिवशी तिनं मनाच्या डॉक्टरांनाही बोलावलं. बारकी त्यांच्याशी बोलली, रडली. थोडं बरं वाटलं, फार नाही.

पाचव्या महिन्याच्या सुमाराला हळूहळू ओसरलं. एक दिवस उकडलेला बटाटा आणि दही असं सगळं पोटात राहिलं. सासूनं पदरानं डोळे पुसले, नवरा उगाचच मोठमोठ्यानं हसला. बारकी रिकाम्या ताटलीकडे बघत बसली. मळमळ नव्हती, आणि बाळ आहे हे सांगायला तिच्या जागी दुसरं काहीच नव्हतं.

तपासणीला गेली तेव्हा बाईंनी ठोका ऐकवला. घोडा दौडावा तसा आवाज खोलीभर झाला. तिनं मान हलवली, हसलीही. घर येईतो मात्र तो आवाज तिच्या कानातून निघून गेला होता, आणि पुढची तारीख अजून फार लांब होती.