सोमवारचं डोकं

तलवाड्यात म्हण पडली होती की सूर्य एखाद्या सोमवारी दांडी मारेल, पण नीलाबाईचं डोकं मारणार नाही. सोमवारी दुपारी बारा वाजता ते उठायचं आणि असं ठणकायचं, की शेजारच्या बाभळीवरचे कावळे उडून थेट उमापूरला जाऊन बसायचे. कावळ्यांचं शिवशरण सांगायचा, म्हणून त्यातलं निम्मं सोडून द्या. डोक्याचं मात्र सगळं खरं.

शिवशरण तिचा नवरा. किराणा दुकान त्याचं, आणि गल्ल्यामागच्या डब्यात डोकेदुखीच्या लाल पट्टीच्या गोळ्याही त्याच्याच. अर्धशिशी नीलाबाईला लग्नाआधीपासून, पण तेव्हा महिन्यातून एकदा यायची. गेली दोन वर्षं सकाळी चहासोबत एक गोळी, दुपारी चहासोबत दुसरी. डोकं दुखायच्या आधीच घेतलेली बरी, म्हणून. सोमवारी मात्र महादेवाचा कडक उपास. दिवे लागेपर्यंत पाणी सोडून काहीच नाही, गोळीसुद्धा नाही. "देव परीक्षा बघतोय," सासू म्हणायची. मग परीक्षा सोमवारची मंगळवारीही चालायची, नंतर बुधवारीही.

आता लेक ईश्वरी पहिल्या बाळंतपणाला येणार होती. माजलगावहून तिचा फोन आला, "आई, तुजं डोकं असंच ऱ्हायलं तर मी हितंच ऱ्हाते. तुला जपू का बाळाला?"

नीलाबाईला ऐकू आलं, पण लागलं नाही. हल्ली काहीच लागत नसे. सगळं कापसाआडून.

गेवराईच्या दवाखान्यात डॉक्टर तेजश्री होती, पोरगेली, पण सवाल वकिलासारखे. "जास्त कधी दुखतं?"

"सोमवारी."

"सोमवारी वेगळं काय करता?"

"काहीच न्हाई. जेवण न्हाई, चहा न्हाई, गोळी न्हाई."

डॉक्टरनं गोळीची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. "ह्यात दुखणं मारायचं औषध आहे, आणि कॅफीन आहे. चहात असतं तेच. थोडं असलं तर गोळीला जोर येतो, अर्धशिशी लवकर उतरते. पण रोज पोटात गेलं की शरीर ते धरून बसतं, आणि एक दिवस मिळालं नाही की डोकं ठणकावून मागतं. वर उपाशी पोट, त्यानंही अर्धशिशी उठते. आणि असली गोळी महिन्यात दहा दिवसांच्या वर गेली की ती स्वतःच डोकं दुखवायला लागते."

"म्हंजे औषिदच दुखणं झालं?" शिवशरणनं विचारलं.

"झालंय. गोळी आजपासून बंद. चहा किती?"

"सहा कप."

"हळूहळू एकावर आणा, मग रोज त्याच वेळेला. रात्रीची ही वेगळी गोळी डोकं उठू नये म्हणून, ही उलटीची. पहिला आठवडा जड जाईल. उपास करा, पण रिकाम्या पोटी नको, आणि चहाचा कप चुकवू नका."

"सोमवारी चहा?" नीलाबाई म्हणाली. एवढंच तिला लागलं.

परतताना एसटीत शिवशरण म्हणाला, "अगं, महादेवानं हलाहल पचवलं. तुजा कपभर चहा काय त्येला बाधायचा हाय?"

त्या मंगळवारीच गोळी बंद झाली. गुरुवारी डोकं असं झालं की दुकानातल्या साखरेचा वासही ओकारी आणी. शिवशरण माल आणायला आडतीला गेलेला. ती गल्ल्यावर ओल्या फडक्यानं कपाळ बांधून बसली होती. गोळ्यांचा डबा हातभर अंतरावर.

एवढ्यात शेजारची दगडाबाई आली. "नीला, लाल पट्टीच्या चार दे गं. डोकं उठलंय."

डबा उघडावाच लागला. गोळ्या हातात आल्या. दगडाबाई पदराची गाठ सोडत होती, आणि नीलाबाई गोळ्यांकडं बघत होती. एक तोंडात टाकली तर दगडाबाईला कळलंही नसतं. ईश्वरीला कळलं नसतं. अर्ध्या तासात डोकं हलकं. उद्या पुन्हा जड.

"रोज घेतीस का?" नीलाबाईनं विचारलं.

"रोजच. न्हाईतर जास्त दुखतंय."

"मग दवाखान्यात जा. न्हाई देत."

"दुकान हाय का देऊळ तुजं?" दगडाबाई बडबडत निघून गेली. नीलाबाईनं डबा घट्ट लावला, मागं जाऊन ओकली, तोंड धुतलं आणि परत गल्ल्यावर बसली.

सोमवार आला. सकाळी सातला तिनं पिंडीला बेल वाहिला, एक केळं खाल्लं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा सोमवारी चहा प्याली. सासू भिंतीकडं तोंड करून बसली होती.

बारा वाजले. साडेबारा वाजले. पिठाची गिरणी अचानक थांबली की कानांत दडे बसल्यासारखं होतं, तसं तिच्या डोक्यात झालं. आनंद झाला का, ते तिला कळलं नाही. बाभळीवर कावळा बसलेला दिसला, एवढंच.

तिनं फोन लावला. "ईश्वरी, ये."

"डोकं?"

"हाय जाग्यावर," नीलाबाई म्हणाली. "तू ये."