काहीही विचारा

रॅकवरून ताटली घसरली आणि फरशीवर गरगरायला लागली. तिने एका ढांगेत जाऊन ती पायाखाली दाबली. श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. तिच्या लेकीने, खारूताईने, नुसती कूस बदलली, अंगठा तोंडात घातला आणि पुन्हा झोपली. सुट्टीच्या दुपारी मूल झोपणं म्हणजे आईला सापडलेलं घबाड. ते कुणी धुण्यात घालवतं, कुणी डोळे मिटून पडण्यात. ती टेबलाशी बसून एक वाक्य शोधत होती.

स्टेशनवरच्या मदत कक्षात ती एकटीच बसायची. मागे जुना बोर्ड होता: ‘मी आपणांस साहाय्य करू शकते काय?’ खाली तेच इंग्रजीत. नवे साहेब आले, त्यांनी आठवडाभर येता-जाता पाहिलं आणि म्हणाले, “बाई, तुमच्याकडे तर कुणीच फिरकत नाही. तीन महिने बघू. गर्दी दिसली तर कक्ष राहील, नाहीतर तुम्ही तिकीट खिडकीवर.”

तिकीट खिडकी म्हणजे पाळी, आणि पाळी म्हणजे रात्रसुद्धा. नवरा मालगाडी चालवायचा. तो घरातून कधी निघेल ते कळायचं, कधी परतेल ते नाही. सासूबाई होत्या तोवर सगळं निभत होतं. त्या गेल्या आणि दिवसाची ही एक खुर्चीच तेवढी आधाराला उरली. ती गेली तर खारूताईला आपल्या आईकडे गावी ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

“याला लोक ‘नको’ म्हणतात आणि पुढे जातात,” नव्या बोर्डाचं माप घ्यायला आलेला फ्लेक्सवाला जुन्या बोर्डाकडे बघत म्हणाला होता. “ताई, दारात उभं राहून कुणी ‘मी आपणांस पाणी देऊ शकते काय’ म्हणतं का? ‘या’ म्हणतात.”

ते तिच्या डोक्यात बसलं. वरून आलेल्या नमुन्यात इंग्रजी ओळ ठरलेली होती: स्वागत, गाड्या आणि फलाटांविषयी आम्हाला विचारा. मराठी ओळ स्थानिक पातळीवर लिहायची. तिने आधी त्याचंच मराठी केलं. वाचून पाहिलं तर सूचना वाचल्यासारखं वाटलं, स्वागत कुठेच दिसेना. शिवाय दोन्ही भाषांची अक्षरं सारख्या उंचीची हवीत असा नियम, त्यामुळे लांब ओळीत सगळंच बारीक होऊन बसायचं. ती खोडत गेली. माहिती गेली, फलाट गेले, गाड्या गेल्या. खारूताई डोळे चोळत उठली तेव्हा कागदावर तीनच शब्द उरले होते.

‘या. काहीही विचारा.’

फ्लेक्सवाल्याने इंग्रजी दोन ओळींत तोडून अक्षर मोठं केलं आणि नमुना साहेबांच्या टेबलावर गेला. साहेबांनी इंग्रजी स्पेलिंगवर पेन फिरवून सही ठोकली.

आणि लोक आले. आधी चोरट्यासारखे, मग सरळ. आमचा डबा इंजिनाकडे लागेल की शेवटाला? प्यायचं पाणी कुठे? बाळाला अंगावर पाजायला आडोसा आहे का हो? एक आजोबा रोज येऊन पहाटे तिकडे थंडी असेल का विचारायचे. आठवडा झाला तरी निघायचे नाहीत. “आजोबा, तुम्ही जाणार कधी?” तिने विचारलं. “पोरं बोलावतील तेव्हा,” ते म्हणाले. “तयारी असलेली बरी.”

साहेब लांबून रांग बघून मान डोलवायचे. ती घरी गुणगुणत पोळ्या लाटायला लागली.

मग एक दिवस एक बाई आली. हातात नवऱ्याचा फोटो, पदर सारखा हातातून सुटत होता. “काहीही विचारा लिहिलंय म्हणून आले,” ती म्हणाली. “आमचे हे परवा सकाळच्या गाडीने निघाले. तिकडे पोचलेच नाहीत. फोन बंद. कुठं असतील?”

तिने करण्यासारखं सगळं केलं. तिकीट जनरलचं, त्यावर नाव नसतं, म्हणजे नावावरून माग काढायची सोय नाही. नाव पुकारायला लावलं. मधल्या मोठ्या स्टेशनांना फोन केले. बाईला हाताला धरून रेल्वे पोलिसांच्या खोलीत नेलं, तक्रार लिहून घेईपर्यंत शेजारी उभी राहिली. परत येताना बाईने बोर्डाकडे एकदा पाहिलं. चिडून नाही, दमल्यासारखं.

“तुम्हाला सांगता येत नाही, तर विचारा कशाला म्हणता, ताई?”

कक्षासमोर एक गृहस्थ ताटकळत उभे होते. त्यांची गाडी दुसऱ्या फलाटावर लागून निघूनही गेली होती. त्यांनी तक्रार दिली, आणि मुद्द्याला धरून दिली: इंग्रजीत गाड्या-फलाट लिहिलंय, मराठीत भलतंच, आणि कर्मचारी जागेवर नाही.

“मी मराठी वाचलंच नव्हतं,” साहेब हताशपणे म्हणाले. “दोन्ही भाषांत एकच पाहिजे ना, बाई. एवढं तुम्हाला कळू नये?”

“मग इंग्रजीत पण ‘काहीही’ लिहू या, सर.”

“आणि त्याची उत्तरं कोण देणार? तुम्ही?”

तिने तोंड उघडलं आणि तिला त्या बाईचा सुटलेला पदर आठवला. नवी ओळ तिनेच लिहिली: ‘गाड्या व फलाटांची माहिती येथे मिळेल.’ लिहिताना छातीवरचं ओझं थोडं हलकं झालं. त्या हलकेपणाचीच तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

आजोबा पुन्हा आले, नवा बोर्ड वाचला. थंडीचा प्रश्न ना गाड्यांत बसत होता ना फलाटांत. ते तिच्याकडे बघून कसनुसं हसले आणि बाकावर जाऊन बसले. तिने हाक मारली, पण त्यांना ऐकू कमी यायचं. ती बाई काही पुन्हा दिसली नाही. पोलिसांच्या खोलीत विचारलं की “अजून काही नाही” एवढंच कळायचं.

रांग विरत गेली. तीन महिने झाले तसा कक्ष बंद झाला. तिथे बोटाने दाबायचं मशीन आलं. त्याला गाड्या आणि फलाट चोख ठाऊक होते. तिच्या हातात पाळीचा कागद पडला, पहिलीच रात्रीची.

“टाकून कशाला द्यायचं, चांगलं जाड आहे,” म्हणत फ्लेक्सवाल्याने तिच्या ओळीचा उतरवलेला बोर्ड गुंडाळून तिला दिला होता. आज तिने तो जमिनीवर अंथरला आणि त्यावर खारूताईचे कपडे काढून ठेवले. उबदार वेगळे, शाळेचे वेगळे. बॅग लहान होती, तरी भरत नव्हती.

खारूताई फ्लेक्सवर पालथी पडून, बोट ठेवत अक्षरं लावत होती. “या. का… ही… ही. वि… चा… रा. आई, हे तू लिहिलंस?”

“हो गं.”

“काहीही?”

तिने फ्रॉकची घडी घातली, ती नीट आली नाही म्हणून मोडली. “विचार.”

“आजीकडे जायची गाडी सकाळची आहे ना?”

“सकाळची. खिडकीशी बसू आपण.”

खारूताईने मान हलवली. बोट अजून शेवटच्या अक्षरावर होतं.

“आणि मी परत येईन ती गाडी कधी आहे?”