तेविसाव्या बारातील चौथी मात्रा

फरीदाबादच्या त्या दुमजली घरातील पुढच्या खोलीत एक जुना उभा पियानो, एक नोटेशनचे स्टँड आणि दोन खुर्च्या यांखेरीज फारसे काही उरले नव्हते. बाकीचे सामान खोक्यांत बांधून झाले होते. अंबादास सर चाळीस वर्षांच्या दिल्लीवासानंतर अहिल्यानगरला, धाकट्या बहिणीकडे, कायमचे राहायला निघाले होते. पुढच्या रविवारी, सकाळची उपासना आटोपल्यावर, चर्चच्या सभागृहात त्यांचा निरोप समारंभ होता. त्यात ते स्वतः रचलेली एक लहानशी रचना व्हायोलिनवर वाजवणार होते आणि पियानोवर त्यांना साथ करणार होती मीनाक्षी.

मीनाक्षी केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी होती आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वडिलांसह राहत असे. वयाच्या चाळिशीत तिने सरांकडे पियानो शिकायला सुरुवात केली, त्याला आता सात वर्षे झाली होती. दर शनिवारी मेट्रोने फरीदाबाद गाठायचे हा तिचा नेम होता. तिची बोटे बऱ्यापैकी चालत, नोटेशन वाचता येई. पण तेविसावा बार, म्हणजे मात्रांचा तेविसावा गट, आला की गाडी रुळावरून उतरे.

त्या शनिवारी ती सातव्यांदा उतरली. सरांनी गज तारांवरून उचलला.

"परत माझ्यामागे आलीस," ते म्हणाले.

"सॉरी सर. एकटीने वाजवते तेव्हा बिल्कुल बरोबर येतं हो!"

"एकटीने सगळेच बरोबर असतात. मीसुद्धा आंघोळ करताना फार सुरेख गातो."

मीनाक्षी हसली, पण तिचे कान लाल झाले होते. सरांनी व्हायोलिन मांडीवर ठेवले आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी सहा समान टिचक्या वाजवल्या.

"सहा-आठचा बार म्हणजे या सहा छोट्या मात्रा. आपण त्यांची वाटणी कशी करतो? तीन आणि तीन. पहिलीवर वजन, चौथीवर वजन. म्हणजे मोठे ठोके दोन. आता याच सहा मात्रा दोन-दोन-दोन अशा वाट. वजन पहिलीवर, तिसरीवर, पाचवीवर. ठोके तीन झाले. मात्रा किती?"

"सहाच."

"आणि एकेका मात्रेची लांबी?"

"तीच. बदलत नाही."

"हे विसरायचं नाही. पुष्कळजण तीन ठोके आले की प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याएवढा लांब धरतात. मग सहा मात्रांच्या बाराच्या नऊ होतात आणि आपण कुठे आहोत हे कोणालाच कळत नाही. तुझं तसं होत नाही. तू मात्रा नीट सांभाळतेस. तुझा आजार वेगळा आहे."

त्यांनी स्टँडवरील कागदाकडे बोट केले. शेवटच्या ओळीत एक बार तीन-तीनचा आणि लगेच पुढचा बार दोन-दोन-दोनचा होता; तिथे व्हायोलिन आणि पियानोचे दोन्ही हात मिळून वळत. वाटणीतला हा बदल, म्हणजे हेमिओला, मीनाक्षीला कधीच अवघड गेला नव्हता. वेग न बदलता चाल एकाएकी रुंदावल्यासारखी वाटे, आणि ते तिला फार आवडे. तेविसाव्या बारापासून तीन बार मात्र दोन्ही वाटण्या एकाच वेळी होत्या. व्हायोलिन आणि पियानोचा उजवा हात तीन ठोके देत, तर डाव्या हाताने खर्जात दोनच द्यायचे. आणि नेमका तिथेच तिचा डावा हात चौथी मात्रा सोडून उजव्याबरोबर पाचवीवर जाऊन बसे.

"भजनी मंडळात किती वर्षं पेटी वाजवलीस?" सरांनी विचारले.

"लहानपणापासून. आई भजनं म्हणायची, मी साथ करायची."

"तेच. गाणारा वळला की साथीदाराने वळायचं, तो रेंगाळला तर आपणही रेंगाळायचं. हा संस्कार उत्तम आहे, त्याची थट्टा करत नाही मी. पण इथे मला अनुयायी नकोय. मी तीनमध्ये जातो, तेव्हा तू दोनमध्ये उभी राहायला हवीस."

"मी चुकले तरी तुम्ही वाजवत राहा ना, सर. मी पकडीन तुम्हाला."

सरांनी गज खाली ठेवला. मग त्यांनी उजव्या कानामागे बोट नेले.

"कसा वाजवत राहू? वरचे स्वर मला आता ऐकू येत नाहीत, मीनाक्षी. दोन वर्षं झाली. माझं व्हायोलिन मला हनुवटीच्या हाडातून कळतं. तुझ्या उजव्या हाताचं जवळजवळ काहीच कळत नाही. खर्ज तेवढा येतो, थोडा कानातून, थोडा या लाकडी जमिनीतून. तुझा डावा हात सरकला की माझ्या पायाखालचं काही उरत नाही."

मीनाक्षीच्या मनात गेल्या दोन वर्षांतील कितीतरी शनिवार सरकून गेले. तिच्या उजव्या हाताच्या एकेका सुरेल जागेला दाद देणारे सर! ती दाद त्यांनी तिची बोटे पाहून दिली होती.

"हे शेवटचं वाजवणं आहे," सर सहज स्वरात म्हणाले. "त्यानंतर व्हायोलिन पेटीत. म्हणून म्हणतो, ताण घेऊ नकोस." त्यांनी एक बंद पाकीट तिच्या हाती दिले. "यात तुझ्यासाठी सोपी वाट आहे, डाव्या हातालाही तीनच ठोके. गुरुवारपर्यंत जमलं नाही तर उघड. लोकांना फरक कळणार नाही."

"तुम्हाला कळेल."

"मला कळेल," सरांनी मान्य केले.

घरी आल्यावर मीनाक्षीने पाकीट पियानोवर ठेवले. तिचे वडील दीनानाथ बाल्कनीत, हिवाळ्याच्या उन्हात, मटार सोलत बसले होते. त्यांनी तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले होते. पाश्चात्त्य संगीतातले त्यांना ओ की ठो कळत नसे आणि ते तसे अभिमानाने सांगतही. मीनाक्षी शेजारी बसून मांड्यांवर हात आपटू लागली: उजव्याने तीन, डाव्याने दोन.

"मीनू, मटार सांडतील."

"सांडू देत हो, बाबा. माझं काय चाललंय ते तुम्हाला नाही कळायचं."

"ठोके तर कळतात? पुन्हा वाजव. सावकाश."

तिने वाजवले. दीनानाथांचे हात थांबले. तिने आणखी चार वेळा तेच वाजवले, तसे ते डोळे मिटून म्हणाले, "गुरु, लघु, लघु, गुरु."

"काय?"

"अगं, वृत्त लिहिताना आपण दीर्घ अक्षराला गुरु म्हणतो, त्याच्या दोन मात्रा. ऱ्हस्वाला लघु, त्याची एक. तुझ्या दोन हातांचे ठोके वेगळे न मोजता एकत्र ऐकले, तर पहिला ठोका दोन मात्रा टिकतो, मग एकेक मात्रेचे दोन, आणि शेवटचा पुन्हा दोन मात्रांचा. दोन, एक, एक, दोन. सहा झाल्या की नाही?"

मीनाक्षीने बोटांवर मोजले. पहिल्या मात्रेवर दोन्ही हात. तिसरीवर उजवा. चौथीवर डावा. पाचवीवर उजवा. खरोखरच सहा मात्रांत चार आघात होते आणि त्यांची आपली अशी एक चाल होती. इतके दिवस ती दोन हातांचे भांडण सोडवत बसली होती. ते दोघे मिळून एकच चरण म्हणत होते, हे तिच्या ध्यानीच आले नव्हते.

"याला शब्द द्या ना, बाबा. तोंडात बसेल असा."

दीनानाथांनी एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि म्हणाले, "ऐकत जा. ऐ गुरु, क लघु, त लघु, जा गुरु. मात्र श्लोकातल्यासारखा 'त' पूर्ण म्हण. बोलताना आपण तो गिळतो."

ऐऽ क त जाऽ. ऐऽ क त जाऽ. 'ऐ'वर दोन्ही हात, 'क' उजव्याचा, 'त' डाव्याचा, 'जा' पुन्हा उजव्याचा. तिचा हरवलेला ठोका त्या चिमुकल्या 'त'वर होता.

चार दिवस ऑफिसातून आल्यावर हाच अभ्यास चालला. आधी तिने नुसते तोंडाने म्हटले, मग डाव्या हाताने फक्त 'ऐ' आणि 'त' वाजवले. मग दीनानाथ समोर स्टीलचे ताट घेऊन बसले आणि 'ऐ', 'क', 'जा' अशा तीन जागी चमच्याने ठणठणाट करू लागले. पहिल्या दिवशी ती दर दोन बारांनी त्यांच्यामागे ओढली गेली.

"आलीस माझ्या अंगणात!" दीनानाथ आनंदाने म्हणत. "चलो, परत आपल्या घरी."

"तुम्हाला फार मजा येतेय हं, बाबा."

"येणारच. जन्मभर मुलांना वृत्त शिकवलं, ताट वाजवायची परवानगी कोणी दिली नव्हती."

बुधवारी तिला जाणवले की ती ताट ऐकतेही आहे आणि आपला 'त' सोडतही नाही. दुसऱ्याचे तीन कानांत येतात, आपले दोन हातात राहतात, आणि खाली सहा मात्रा शांतपणे चालत असतात. गुरुवार आला. पाकीट पियानोवर तसेच पडून राहिले.

रविवारी चर्चचे सभागृह भरले होते. सरांच्या विद्यार्थ्यांत नोकरदार होते, नातवंडे असलेल्या बायका होत्या, पुण्याहून आलेला एक संगणक अभियंताही होता. दीनानाथ पहिल्या रांगेत, लोकरी टोपी घालून, ताठ बसले होते. अंबादास सरांनी पियानोला अगदी लगटून उभे राहत उजव्या पायाचा बूट काढला आणि मोजा घातलेले पाऊल लाकडी मंचावर टेकवले. लोकांना ती म्हातारपणाची लहर वाटली. मीनाक्षीला त्याचा अर्थ ठाऊक होता.

बाविसावा बार सरला. सरांचा गज तीनमध्ये वळला, तिचा उजवा हात त्याच्याबरोबर गेला, आणि जुन्या सवयीने डाव्या मनगटालाही हिसका बसला. ऐऽ क... तिने मनात 'त' पूर्ण उच्चारला आणि खर्जाचा स्वर चौथ्या मात्रेवर उतरला. पुढच्या बारात पुन्हा. त्यानंतर पुन्हा. सरांचे डोळे मिटलेलेच होते. पण मंचावरचे त्यांचे पाऊल सैल झाले, आणि गजात तिने वर्षानुवर्षे न ऐकलेला एक मोकळेपणा आला. जमीन जागेवर आहे याची खात्री पटल्यावरच माणूस असा चालतो. शेवटच्या ओळीत दोघे मिळून हेमिओलाच्या त्या रुंद पावलांवर आले आणि थांबले.

टाळ्या ओसरल्यावर मीनाक्षीने पर्समधून ते पाकीट काढले. "हे लागलं नाही, सर."

"उघडलंस?"

"नाही."

"मग आता उघड."

आत नोटेशनचा एक कागद होता. पाच-पाच रेघांच्या ओळी छापलेल्या, वर सरांच्या अक्षरात 'बार तेवीस'. खाली एकही स्वर नव्हता.

"लिहायला बसलो होतो," सर बूट चढवत म्हणाले. "हात चालला नाही. पण ते तुला सांगितलं असतं, तर तू माझ्यासाठी घाबरली असतीस. हाताशी सोपी वाट आहे असं वाटलं की विद्यार्थी न घाबरता चुकतो." मग त्यांनी मान वर केली. "चौथी मात्रा कुठे सापडली?"

मीनाक्षी मंचावरून खाली उतरली. तिने पहिल्या रांगेतून वडिलांना हाताला धरून आणले. सरांच्या डाव्या कानाशी वाकून तिने ऐकत जा हे शब्द, मात्रा मोजत, सांगितले. अंबादास सरांनी ते एकदा ओठांनी म्हणून पाहिले, पायाने पुन्हा एकदा, आणि मग दीनानाथांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"गुरुजी, ही रचना माझी बावीस वर्षांची. तिला शब्द आज मिळाले."

"शब्द कसले," दीनानाथ संकोचून म्हणाले. "मी आपला मटार सोलत होतो."

मीनाक्षीने त्या दोघांना वाकून नमस्कार केला. मग तिने पर्समधील पेन्सिल काढून कोऱ्या कागदासह सरांपुढे धरली. सरांनी 'बार तेवीस'च्या खाली डाव्या हाताचे दोन स्वर काढले, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. आणि चौथ्याखाली, देवनागरीत, एक लहानसा 'त' लिहून कागद तिला परत दिला.