दुसरा रकाना

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सराफाच्या काचेवर बटणांचा डबा उपडा केला. एक-एक ग्रॅमची चाळीस सोन्याची नाणी, सगळी सीलबंद कार्डांत. दर महिन्याला एक. हातात काम कमी असलं तरी त्यांनी हा नेम मोडला नव्हता. त्यांच्या दुकानाचा भाड्याचा गाळा मालकाने विकायला काढला होता आणि संध्याकाळपर्यंत तीन लाख नव्वद हजार भरले नाहीत, तर तो शेजारच्या औषधवाल्याला जाणार होता.

"चार लाख अठ्ठेचाळीस हजार झाले ना?" बाईंनी विचारलं.

सराफाने मान न उचलता फलकाकडे बोट केलं. एक ग्रॅमचं नाणं, विक्री अकरा हजार दोनशे. शेजारच्या रकान्यात, खरेदी नऊ हजार सातशे. चाळीस महिने बाई घरी जाताना या फलकापाशी थांबत आल्या होत्या आणि पहिला रकानाच वाचून खूश होत आल्या होत्या. दुसरा आपल्यासाठी असतो, हे डोक्यातच आलं नाही.

"तीन अठ्ठ्याऐंशी होतात," सराफ म्हणाला.

"सोनं तेच आहे, सील तसंच आहे. मग दीड हजार गेले कुठे?"

"आजचा सोन्याचा भाव दहा हजार. वरचे बाराशे नाणं पाडायचे, कार्डाचे, आमच्या नफ्याचे. ते घेणाऱ्याने द्यायचे, परत मिळत नाहीत. आणि आम्ही घेतो ते भावापेक्षा तीनशे कमीच. चाळीस ग्रॅमची एकच चीप, म्हणजे सोन्याची वडी, घेतली असती, तर वरचे निम्म्यानेही लागले नसते. तुम्ही चाळीस वेळा भरलेत, काकू."

एकदम चीप घ्यायला पैसे कुठे होते? भावही या चाळीस महिन्यांत वर-खाली होऊन पुन्हा तिथेच आला होता. म्हणजे पोटाला चिमटा काढून साठवलेल्यातले साठ हजार याच काउंटरवर राहिले होते. बाईंना सराफाचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा.

"दोन हजार कमी पडतात," त्या कशाबशा म्हणाल्या.

"जुनं गिऱ्हाईक आहात. वरचे दोन मी घालतो." सराफाने कार्डं ओढून घेतली आणि नोटांसाठी खण उघडला.

तेवढ्यात बाईंच्या गाळ्याजवळच्या पार्लरमध्ये काम करणारी मुलगी आली. पहिला पगार झाला होता. सराफाने बाईंच्याच ढिगातलं वरचं कार्ड उचलून तिच्यापुढे ठेवलं, "अकरा हजार दोनशे." कोपऱ्यात पेन्सिलीने महिना लिहिलेला होता, बाईंच्या अक्षरात. त्याने तो अंगठ्याने पुसला.

"दर महिन्याला एक घेणार आहे," मुलगी बाईंकडे वळली. "काकू, तुम्हीही घेता ना? फायदा होतो का?"

सराफाचा नोटांवरचा हात थांबला. खण अजून उघडाच होता.

"होतो की," बाई म्हणाल्या.