पौर्णिमाचा वजनकाटा

पौर्णिमाला केसांना रंग लावायला मीच शिकवलं. आणि त्याच बयेनं शहापुरात माझ्याच पार्लरसमोर स्वतःचं पार्लर थाटलं. वर ओट्यावर वजनकाटा! रंग ग्रॅमवर मोजते म्हणे. सोनंच विकतेय जणू.

माझ्याकडे सरळ हिशोब, कोणतेही केस, रंगाचे हजार. तरी आखूड केसांच्या माझ्या सगळ्या बायका तिच्याकडे गेल्या. तिथे त्यांचं आठशेत भागतं. त्या हसत बाहेर पडल्या की मी दार लावून घ्यायचे.

काल डोळखांबची एक बाई आली. केस गुडघ्यापर्यंत, दाट. मी मुद्दाम दार उघडं ठेवलं. बघू दे म्हटलं पौर्णिमाला, माझ्याकडेही गर्दी असते.

तीन तास गेले. रंगाच्या तीन ट्यूब संपल्या. रंगात मिसळायचं डेव्हलपर धरून नऊशेचा माल. शंभर रुपयांसाठी माझी कंबर मोडली.

"समोर नाय गेलात?" मी खवचटपणे विचारलं.

"गेलेले ना. पौर्णिमाताईंनी दोन हजार सांगितले. मला नाय परवडत म्हटलं, तर त्याच बोलल्या, नम्रताताईंकडं जा, त्यांचा एकच रेट हाय."

म्हणजे नको ती गिऱ्हाइकं तीच माझ्याकडे पाठवत होती! बाईनं पर्समधून पौर्णिमानं दिलेली हिशोबाची चिठ्ठी काढली. मी हिसकावूनच घेतली.

रंग एकशेऐंशी ग्रॅम, नऊशे. वेळ तीन तास, सहाशे. हाताची कला, पाचशे.

ती कला माझी होती. आणि मी ती इतकी वर्षं फुकट वाटत होते.