क्ष शेवटी

मंदा सावर्डेकरला त्या शब्दसूचीचा आता वीट आला होता. सांगलीच्या त्या छापखान्यात तिनं लग्नपत्रिकांपासून पीएचडीच्या प्रबंधांपर्यंत सगळं निस्तरलं होतं, पण असं चिवट काम पाहिलं नव्हतं. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, दोन रकान्यांचा तक्ता, मराठी अकारविल्हे लावलेला. दिसायला एवढंच.

काम होतं उगारे अक्कांचं. अक्का जन्मभर सिस्टर होत्या, नंतर नर्सिंगच्या पोरींना शिकवलं. खेड्यातून मराठीत शिकून आलेल्या पोरी वॉर्डात इंग्रजी कागद हातात आला की गांगरायच्या, म्हणून त्यांनी ही सूची जमवली. आता अक्कांचे डोळे गेले होते. माणूस समोर आहे एवढं कळायचं, अक्षर नाही. त्या मंदाला म्हणायच्या, "तुझे डोळे तेच माझे."

आज दुपारी अक्का शेवटच्या प्रतीवर सही करायला आल्या होत्या. सही झाली की पानं मशीनवर जाणार होती.

"क्ष आणि ज्ञ शेवटी घेतलेस न्हवं? मागच्या खेपेला तुझ्या यंत्रानं क्षयरोग क मध्ये कोंबला होता."

"घेतले, अक्का. मीच हातानं हलवले."

काल संध्याकाळी हलवले होते. संगणक क्ष ला क चं पोर समजतो आणि ज्ञ ला ज चं. मंदानं क्ष चे तीन आणि ज्ञ चा एक असे चार शब्द उचलून तळाशी नेले होते आणि मधली रिकामी जागा मिटवून टाकली होती. वर-खाली पाहिलं, दोन्ही रकाने एकाच ओळीवर संपत होते. तेवढं बघून ती घरी गेली.

"मग वाच बघू थोडं," अक्का म्हणाल्या.

मंदानं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. अ पासून वाचायला लागली. अंगदुखी, अतिसार, अपचन. सगळं जिथल्या तिथं. दोन पानं झाली आणि तिचा घसा सुकला.

"अक्का, बास की आता. चार वेळा तपासलंय."

"बरं बाई. पेन दे." अक्कांनी पेन हातात घेतलं, मंदानं त्यांचं बोट जागेवर टेकवलं. तेवढ्यात अक्का थांबल्या. "जाता जाता ते क्षयरोगाचं तेवढं ऐकव. त्याच्यापायी तुला लई छळलं मी."

मंदानं शेवटचं पान उलटलं. "क्षयरोग," ती म्हणाली, नजर उजवीकडे नेली आणि तोंडातून निघून गेलं, "मलेरिया."

अक्कांनी पेन कागदावरून उचललं.

मंदानं मागची पानं उलटली. खोकल्यासमोर खपलीचं इंग्रजी. गरोदरसमोर खरजेचं. गर्भपातासमोर खोकल्याचं. तिनं फक्त मराठी शब्द हलवले होते. त्यांचे इंग्रजी जोडीदार जागेवरच राहिले होते, म्हणून ख पासून प्रत्येक शब्द तीन घरं सरकून परक्याच्या दारात उभा होता, आणि ज नंतर चार घरं. जितके शब्द गेले तितकेच तळाशी आले, म्हणून रकाने मात्र बरोबर संपत होते.

"अक्का, चुकलं माझं," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, पण रडण्याइतकीही ताकद नव्हती. "ख पासनं सगळं चुकलंय."

"सुधारंल?"

सुधारलं. मागे राहिलेले चार इंग्रजी शब्द उचलून तळाशी त्याच क्रमानं लावले आणि सगळा तक्ता पुन्हा जोडीनं उभा राहिला. चहा यायच्या आत काम झालं. एवढ्याशा कामासाठी पोरींच्या हाती विष गेलं असतं, या विचारानं तिनं कप तसाच बाजूला सारला.

"झालं, अक्का. आता सही करा."

अक्कांनी पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं.

"दमलीस?"

"लई."

"रातपाळीला मी बी दमायची. पण औषधाची बाटली घेताना लेबल वाचायचं, ओतताना वाचायचं, ठेवताना वाचायचं. तीनदा. दमलेल्या बाईनं तर जास्तच. कारण तिला वाटतं, मघाशी वाचलंय की." त्यांनी बशीतला चहा संपवला. "हं. अ पासनं."

मंदानं खुर्ची ओढली. अंगदुखी. अतिसार. बाहेर मशीनवाला दोनदा डोकावून गेला, तिनं हातानंच त्याला परत पाठवलं. खोकला आला, त्याच्यासमोर कॉफ आला. गरोदर आली, तिच्यासमोर प्रेग्नंट. तिनं ट गाठला तेव्हा अक्कांची मान छातीवर पडली होती आणि श्वास संथ चालला होता.

मंदानं त्यांच्याकडे पाहिलं, मग उरलेल्या पानांकडे. तिनं आवाज हळूच खाली आणला.

"मोठ्यानं," अक्का डोळे न उघडता म्हणाल्या.