मागाहून केलेली सही

काकासाहेबासारखी माणसं मी वीस वर्षं राहात्याच्या कोर्टात पाहतो आहे. स्वतःचं काही नसलं की ती दुसऱ्याच्या मालमत्तेवर रुबाब करतात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्या ऑफिसात आला आणि मी बसा म्हणायच्या आधीच बसला. त्याच्या मागून त्याची आत्या, पुष्पावतीबाई आल्या. संगमनेरला राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या मात्र दारात थांबून "येऊ का?" म्हणाल्या.

"दावा लावायचा हाय," काकासाहेब म्हणाला. "एडविन पंडित. कोल्हारला आत्याच्या जागेत बेकरी हाय त्याची. एकतीस मार्चला जागा सोडायची हुती. बसलाय अजून भट्टी पेटवून."

मी कागद मागितले. भाडेकरार दहा वर्षांचा होता, रीतसर नोंदवलेला. पाच वर्षं पूर्ण होताना मालकिणीला जागा परत घेता येईल, अशी त्यात सोय होती. पण त्यासाठी तिची लेखी नोटीस एकतीस डिसेंबरच्या आत भाडेकरूला मिळायला हवी. नाही मिळाली, तर उरलेली पाच वर्षं जागा भाडेकरूचीच.

नोटीस चोवीस डिसेंबरची होती. नाताळाच्या आदल्या दिवशी, बेकरीत केकची रांग लागलेली असताना, या गृहस्थाने ती एडविनच्या हातात ठेवली होती. खाली सही: 'पुष्पावतीबाईंच्या वतीने, काकासाहेब'. अक्षर असं ऐसपैस, जणू गाव याच्याच नावावर आहे.

"बाई, याला तुम्ही नोटीस द्यायला सांगितलं होतं?"

"नाही. भाडं आणायचं आणि काही मोडलंतोडलं तर मला कळवायचं, एवढंच त्याच्याकडे होतं. नोटिशीचं मला जानेवारी संपताना कळलं."

"पन आत्यानं मान्य केलीय," काकासाहेबाने दुसरा कागद पुढे सरकवला. 'माझ्या भाच्याने दिलेली नोटीस मला मान्य आहे.' बाईंची सही, तारीख नऊ फेब्रुवारी. "आता ती आत्याचीच नोटीस झाली का न्हाई? मागच्या साली मी न विचारता तिथल्या शेडवर पत्रं टाकून घेतलं. आत्यानं बघितलं, ठेवलं. तवा नाही कुणी काय म्हनलं."

कायदा आपल्याला कळतो असं वाटणारा मूर्ख साध्या मूर्खापेक्षा जास्त वेळ खातो. तरी मी समजावलं, बाईंसाठी.

"पत्र्यांचं बरोबर आहे. न विचारता का होईना, पण तुमच्या नावाने केलेलं काम होतं. तुम्ही सगळं पाहिलंत आणि ठेवून घेतलंत. म्हणजे ते पहिल्या दिवसापासून तुम्हीच सांगून केल्यासारखं झालं. त्यात तिसऱ्या कुणाचं काही गेलं नाही. नोटिशीचं तसं नाही. अधिकार नसलेल्या माणसाची नोटीस म्हणजे चोवीस डिसेंबरला एडविनच्या हातात नुसता कागद पडला. एकतीस तारीख गेली आणि पुढची पाच वर्षं त्याची झाली. आता मालकिणीला मागाहून सही करून ती त्याच्याकडून काढून घेता येत नाहीत. करार कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. दुसऱ्याचा हक्क संपवणारं काम मागाहून मान्य करून त्याच्यावर लादता येत नाही. जागा सोडायची की नाही हे त्याला त्या दिवशी ठरवायचं होतं. नोटीस खरी की खोटी, हे कळायला त्याने फेब्रुवारीपर्यंत वाट का पाहायची?"

"त्यानं घेतली की नोटीस," काकासाहेब म्हणाला.

"हातात घेतली. मान्य केली का? त्याने काही उत्तर दिलं?"

काकासाहेब खिडकीबाहेर बघू लागला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काका, उत्तर आलं होतं?"

"आलं हुतं काहीतरी. वकिलाचं."

"मला का नाही दाखवलंस?"

बाई उठल्या. "चला वकीलसाहेब. मी एडविनलाच विचारते."

भाडेकरूकडे असं जाणं मला पसंत नव्हतं, पण बाई पुढे निघाल्याही. दुपारी आम्ही तिघं कोल्हारला पोचलो. एडविन भट्टीतून पावाचे पत्रे ओढत होता. पन्नाशीचा, हातावर भाजल्याच्या खुणा. त्याने बाईंना खुर्ची दिली. काकासाहेबाकडे त्याने पाहिलंही नाही, आणि ते मला आवडलं.

"तुम्ही धंदा बंद करणार होता ना?" बाईंनी विचारलं. "काका म्हणाला, तुम्हालाच जागा सोडायची आहे. म्हणून तर मी सही केली."

एडविनने हात पुसले. "बाई, मी कशाला बंद करू? ही भट्टी माझ्या वडिलांच्या मिस्त्रीने बांधलीय, उचलून नेता येत नाही. मी यांना दुसऱ्याच दिवशी विचारलं, बाईंचं अधिकारपत्र दाखवा. तर म्हणाले, मी म्हणजेच आत्या."

आतून त्याची बायको दया कागद घेऊन आली. त्यांच्या वकिलाचं पत्र, अठ्ठावीस डिसेंबरचं. अधिकार असेल तर दाखवा, नसेल तर आम्ही जागा सोडणार नाही, असं दोन ओळींत स्पष्ट. "आणि खरं कारण विचारा यांना," ती म्हणाली. "यांच्या मेव्हण्याला इथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान टाकायचंय. फेब्रुवारीत तो मापं घेऊन गेला."

बाईंनी भाच्याकडे बघितलं. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघावं तसं.

"मेव्हण्याला शब्द दिलास? माझ्या जागेचा?"

"आत्या, घरातलाच मानूस हाय तो."

"तुझ्या घरातला. माझ्या नाही."

मी मधे पडलो. "बाई, खोटं सांगून घेतलेली ही मान्यता तशीही टिकत नाही. खरी हकिकत पुरती माहीत नसताना दिलेल्या मान्यतेला काही अर्थ नसतो."

इथे ही कथा संपली असती तर बाईंबद्दल माझं मत चांगलंच राहिलं असतं. पण परतताना गाडीत त्या हळूच म्हणाल्या, "वकीलसाहेब, आता मला सगळी हकिकत माहीत आहे. आज नव्याने सही केली तर? दुकान आलं तर जागेचं भाडं बरंच वाढेल. मेव्हणाच कशाला, दुसरा कुणीही बघू."

पाठीमागे काकासाहेब एकदम ताठ बसला. दहा मिनिटांपूर्वी ज्या भाच्याला तिने झापलं होतं, त्याचीच चूक तिला आता पदरात पाडून घ्यायची होती. मला दोघांचीही सारखीच किळस आली. एकाने खोटं बोलून केलं, दुसरी ते खोटं उघड झाल्यावर त्यातलं गोड तेवढं घेऊ पाहत होती.

"नाही चालत," मी म्हणालो. "माहिती अपुरी होती हा एक दोष झाला. तो आज भरून काढाल. तारीख गेली आणि हक्क एडविनचा झाला, तो दोष कशानेही भरून निघत नाही. तो स्वतः राजी झाला तरच जागा मिळेल. आणि तो राजी नाही, हे तुम्ही ऐकलंत."

"पाच वर्षं?"

"पाच वर्षं."

दावा मी लावला नाही. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी एडविनला माझ्या हातचं पत्र पाठवलं. नोटीस आपल्या अधिकाराने दिलेली नव्हती, भाडेकरार चालू आहे, आणि यापुढे काकासाहेबाशी कसलाही व्यवहार करू नये. भाडं आणायचा अधिकार काढून घेतल्याचं पत्र काकासाहेबालाही गेलं. माझ्यासमोर बाईंनी दोन्हींवर सह्या केल्या, चष्मा पुसून, प्रत्येक ओळ वाचून.

काकासाहेब अजून कोल्हारच्या स्टँडवर भेटतो. परवा कुणाला तरी सांगत होता की बेकरीवाल्याला त्यानेच कीव करून राहू दिलं. ऐकणारा मान डोलावत होता, आणि त्याच्या हातात एडविनकडची खारी होती.